एक न्हाणीघर, सहा माणसे: तिसऱ्याला थंड पाणी येत होते, ते कसे थांबले

फोंड्याला आमच्या घरात न्हाणीघर एकच. मुलगा ७:२० ला शाळेसाठी निघतो, मुलगी ८ ला कॉलेजला, आम्ही दोघे ८:३० ला पणजीच्या बसला. सासू-सासरे घरीच. रोज तिसऱ्याच्या बादलीला पाणी गार, मग दारावर थापा आणि भांडण.

आधी सगळ्यांना लवकर उठवले, मग प्रत्येकी दहा मिनिटे ठरवली. दोन्ही फसले, कारण अडचण माणसांची नव्हतीच. गिझर १५ लिटरचा, २ किलोवॅटचा. दोन बादल्या निघाल्या की पुन्हा तापायला वीसेक मिनिटे लागतात.

म्हणून जोड्या लावल्या. ५:४५ ला गिझर चालू. ६:०५ ला मी, ६:१५ ला मुलगा. ६:२५ ते ६:४५ आंघोळ कोणीच करायची नाही. तेवढ्यात पोदेराचा भोंपू वाजतो, पाव येतात आणि मुलगा भाजी-पाव खायला बसतो. भाजी रात्रीच केलेली, सकाळी फक्त गरम करायची. ६:४५ ला मुलगी, ६:५५ ला नवरा. सासू-सासरे नऊनंतर, निवांत.

दाढी, ब्रश, वेणीफणी मागच्या पडवीतल्या बेसिनवर. ही अट मोडली की वेळापत्रक कोसळते. मुलीने केस धुवायचे रविवारीच, कारण त्याला दीड बादली जाते आणि नवरा गारठतो.