मॅट्रिक्सचा गुणाकार बरोबर आला का, हे पुन्हा न सोडवता कसं तपासावं?

बारावी बोर्डाच्या गणिताच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही आणि ३×३ च्या एका मॅट्रिक्स गुणाकारात २७ छोटे गुणाकार करावे लागतात. त्यातलं एक चिन्ह जरी घसरलं तरी उत्तर गेलं. पुन्हा तसाच गुणाकार करून पाहण्यात अर्थ नसतो, कारण जिथे मघाशी घसरलो तिथेच बहुधा परत घसरतो. तपासणी वेगळ्या वाटेने करायला हवी.

आधी आकार, आणि आकार पुरेसा नसेल तर नावं

२×३ ला ३×४ ने गुणलं की उत्तर २×४ येतं. मधले दोन आकडे जुळले पाहिजेत, बाहेरचे दोन उत्तराचा आकार सांगतात. इथे अडखळलात तर पुढचं काही करूच नका.

दोन्ही मॅट्रिक्स ३×३ असतील तर मात्र ही तपासणी काहीच सांगत नाही. AB चा आकार ३×३ आणि BA चाही ३×३. गणित शाब्दिक असेल तर अशा वेळी ओळी-स्तंभांची नावं कडेला लिहावीत. समजा A च्या ओळी निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांच्या आहेत आणि स्तंभ कांदा, टोमॅटो, द्राक्षं यांच्या क्विंटलचे. B च्या ओळी त्याच तीन पिकांच्या आणि स्तंभ लासलगाव, पिंपळगाव, नाशिक इथल्या बाजार समित्यांच्या भावाचे. AB मध्ये पीक पिकाला भिडतं आणि तालुका × बाजार असा रुपयांचा तक्ता मिळतो. BA मध्ये बाजार तालुक्याला भिडतो, म्हणजे उत्तर आकड्यांत येईल पण त्याला अर्थ नसेल.

खरी कामाची तपासणी: स्तंभांची आणि ओळींची बेरीज

आता नुसते आकडे घेऊ, मुद्दाम ऋण चिन्हांसकट. चुका तिथेच होतात.

```
A =  २   १   ३      B =  १   २   ०
     ०  −१   ४           ३  −१   २
     ५   २   १          −२   ४   १

AB =  −१  १५   ५
     −११  १७   २
       ९  १२   ५
```

A च्या प्रत्येक स्तंभाची बेरीज करा: ७, २, ८. ही एकच ओळ समजून तिला B ने गुणा. पहिल्या स्तंभाशी ७×१ + २×३ + ८×(−२) = −३. दुसऱ्याशी १४ − २ + ३२ = ४४. तिसऱ्याशी ० + ४ + ८ = १२. आता AB च्या स्तंभांची बेरीज बघा: −३, ४४, १२. जुळलं.

हे का जुळतं, ते बाजाराच्या उदाहरणात चटकन दिसतं. तिन्ही तालुक्यांचा माल आधी एकत्र करून त्याची किंमत काढा, किंवा प्रत्येकाची किंमत वेगळी काढून बेरीज करा, पैसे तेवढेच होणार.

मग दुसऱ्या बाजूने. B च्या ओळींची बेरीज ३, ४, ३ येते. तिला उभा स्तंभ समजून A ने गुणलं की १९, ८, २६ मिळतात. AB च्या ओळींची बेरीजही १९, ८, २६ येते. दोन्ही तपासण्या मिळून १८ गुणाकार होतात, म्हणजे मूळ कामापेक्षा कमी.

समजा दुसऱ्या ओळीच्या पहिल्या घटकात ४×(−२) चे −८ ऐवजी +८ धरले गेले आणि −११ च्या जागी ५ लिहिले. मग पहिल्या स्तंभाची बेरीज १३ होते, हवी होती −३. दुसऱ्या ओळीची बेरीज २४ होते, हवी होती ८. दोन्हीकडे फरक १६ च आहे, म्हणजे चूक त्या ओळीच्या आणि त्या स्तंभाच्या छेदावर आहे आणि ५ मधून १६ वजा केले की −११ मिळतात. १६ चं निम्मं ८. चिन्ह उलटलं की फरक नेमका त्या पदाच्या दुप्पट येतो, त्यामुळे ८ मूल्याचं पद शोधलं की चुकीची जागाही हाती लागते.

ही पद्धत कुठे फसते? एका आयताच्या चार कोपऱ्यांवर +क, −क, −क, +क अशा चुका झाल्या तर ओळी आणि स्तंभ दोन्ही जुळून येतात. हाताने सोडवताना असं होणं फार अवघड आहे. खूप मोठ्या मॅट्रिक्ससाठी संगणकावर हीच कल्पना वापरतात: बेरीज सरळ न घेता प्रत्येक स्तंभाला यादृच्छिकपणे ० किंवा १ ने गुणून मग ओळींची बेरीज घेतात. लॅटव्हियाचे गणितज्ञ फ्रायवाल्ड्स यांनी १९७७ मध्ये ही पद्धत मांडली. एका फेरीत चूक निसटण्याची शक्यता जास्तीत जास्त निम्मी असते, दहा फेऱ्यांनंतर ती हजारात एकाहूनही कमी उरते.

ट्रेसवर फार विसंबू नका

ट्रेस म्हणजे मुख्य कर्णावरच्या घटकांची बेरीज. इथे −१ + १७ + ५ = २१. पडताळण्यासाठी A च्या पहिल्या स्तंभाला B च्या पहिल्या ओळीशी गुणा, दुसऱ्याला दुसरीशी, तिसऱ्याला तिसरीशी: २ + ८ + ११ = २१. हा खरं तर BA चा ट्रेस आहे, आणि तो AB च्या ट्रेसइतकाच असतो.

पण वर −११ च्या जागी ५ लिहिलं तेव्हाही ट्रेस २१ च राहिला होता, कारण चूक कर्णावर नव्हती. त्याहून मोठी अडचण अशी की चुकून BA काढून बसलात तरी ट्रेस जुळेल आणि डिटर्मिनंटही जुळेल. BA च्या ओळींची बेरीज मात्र १२, ३१, ८ येते, म्हणजे १९, ८, २६ शी तुलना केली की चोरी लगेच पकडली जाते. ट्रेस जुळला नाही तर चूक नक्की आहे. जुळला तर फारसं काही सिद्ध होत नाही.

डिटर्मिनंटचं उत्तर तपासताना

A चा डिटर्मिनंट पहिल्या ओळीवरून विस्तार करून असा येतो: २×(−९) − १×(−२०) + ३×५ = १७. पडताळणी ओळींवरच्या क्रियांनी करावी. तिसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट वजा करा. नवी तिसरी ओळ १, ०, −५. डिटर्मिनंट बदलत नाही, आणि आता विस्तार सोपा आहे: २×५ − १×(−४) + ३×१ = १७.

अपूर्णांक टाळायला पुष्कळ जण तिसऱ्या ओळीची दुप्पट करून त्यातून पहिलीची पाचपट वजा करतात. नवी ओळ ०, −१, −१३. त्यातून दुसरी ओळ वजा केली की ०, ०, −१७ उरतं आणि कर्णावरचा गुणाकार २×(−१)×(−१७) = ३४ येतो. म्हणजे बरोबर दुप्पट. ज्या ओळीच्या जागी नवी ओळ लिहितो तिलाच २ ने गुणलं होतं, म्हणून शेवटी २ ने भागायला हवं. दोन उत्तरांचा भागाकार २, ३, ५ असा पूर्णांक येत असेल तर आधी हेच शोधा. दोन उत्तरं फक्त चिन्हाने वेगळी असतील तर ओळींची अदलाबदल मोजायची राहिली असण्याची शक्यता मोठी. प्रत्येक अदलाबदलीला चिन्ह एकदा उलटतं.

गुणाकार आणि डिटर्मिनंट एकाच प्रश्नात असतील तर आणखी एक पडताळणी फुकटात मिळते. B चा डिटर्मिनंट −२३, म्हणून AB चा १७×(−२३) = −३९१ यायला हवा. थेट विस्तार केला तर −६१ + १०९५ − १४२५ = −३९१. पण हा विस्तार करण्यात वेळ जातो, त्यामुळे प्रश्नात डिटर्मिनंट विचारलाच नसेल तर बेरजेच्या दोन तपासण्यांवरच थांबावं.