ताप आणि ठणकणारी हाडं: डेंग्यू, चिकनगुनिया की साधा व्हायरल? या चुका टाळा

ताप चढला की अंग दुखतंच, पण दुखतंय कुठे हे नीट बघितलं जात नाही. डेंग्यूत डोळ्यांच्या मागे, कंबरेत, मांड्या-पोटऱ्यांत ठणका असतो. म्हणूनच त्याला हाडमोड्या ताप म्हणतात. सांधे दुखले तरी सहसा सुजत नाहीत. चिकनगुनियात मनगटं, घोटे आणि बोटांचे सांधे दोन्ही बाजूंनी धरतात, सुजतात. सकाळी मूठ वळत नाही, जमिनीवर पाय टेकवताना कळ येते. ताप उतरल्यावरही हे दुखणं आठवडे, कधी महिने रेंगाळतं. साध्या व्हायरलमध्ये अंग मोडून येतं, पण सोबत बहुधा सर्दी, घसा, खोकला असतो आणि सांध्यांना सूज नसते.

एवढ्यावरून अंदाज बांधता येतो, खात्री होत नाही. डेंग्यू आणि चिकनगुनिया दोन्ही एडिस डासामुळेच होतात आणि कधी एकाच वेळीही होतात. त्यामुळे सांधे सुजलेत म्हणून डेंग्यू नाही, असं धरून चालू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दुखणं सोसवत नाही म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा अॅस्पिरिन घेणं. डेंग्यूत प्लेटलेट आधीच घटत असतात आणि या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्या. मोठ्या माणसाला एका वेळी 500 किंवा 650 मिलिग्रॅम, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास. यकृताचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या गोळीतही बहुतेक वेळा पॅरासिटामॉलच असतं, पाकीट उलटून वाचा.

दुसरी चूक तपासणीच्या दिवसाची. समजा सोमवारी ताप आला आणि मंगळवारी आयजीएम चाचणी केली. ती निगेटिव्हच येणार, कारण आयजीएम ही शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं असतात आणि ती साधारण पाचव्या दिवसापासून दिसतात. मंगळवारी खुद्द विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस१ चाचणी हवी होती. तीही निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू निकालात निघत नाही. चिकनगुनियाचंही तसंच: पहिल्या आठवड्यात विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर, आयजीएम नंतर.

आता त्याच रुग्णाचा शुक्रवार. ताप उतरला, घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत. रिपोर्टमध्ये प्लेटलेट 1,40,000 वरून 70,000 वर आल्यात आणि सगळ्यांची नजर तिथेच खिळते. खरी धोक्याची खूण शेजारच्या ओळीत आहे: हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण, 38 वरून 46. म्हणजे रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतंय आणि उरलेलं रक्त घट्ट होतंय. डेंग्यूत हे ताप उतरतानाच घडतं. अशा वेळी पपईच्या पानांचा रस काढत बसू नका, त्याच तासाला दवाखान्यात न्या. हिरड्यांतून रक्त, काळी शी, गळून गेल्यासारखी सुस्ती, थंडगार हातपाय किंवा सहा तास लघवी न होणं, यांपैकी काहीही दिसलं तरी तसंच.