‘चेहरा ब्लर करा’ एवढ्यावर भागत नाही: स्वयंसेवक एडिटरला ब्रीफ देताना

मुलांच्या हक्कांवर काम करणाऱ्या एका संस्थेचे छोट्या व्हिडिओंचं काम मी चार वर्षांपासून बघते. एडिटिंग सगळं स्वयंसेवक करतात. कुणी कॉलेजात आहे, कुणी दिवसभर नोकरी करून रात्री दहानंतर टाइमलाइन उघडतं. कट कसा मारायचा, एक्स्पोर्ट कसं करायचं हे तुम्हाला येतं असं धरून चालते. मी लिहितेय ते ब्रीफबद्दल, कारण माझ्या हातून लिहिलेल्या तीन ओळींच्या ब्रीफमुळे एका मुलीला त्रास झाला आणि तो अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

मुलगी पंधरा वर्षांची. घरच्यांनी लग्न ठरवलं होतं. तिने शाळेतल्या बाईंना सांगितलं, बाईंनी 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला, लग्न थांबलं आणि प्रकरण बालकल्याण समितीपुढे गेलं. मी एडिटरला लिहिलं होतं: ‘मुलीचा चेहरा ब्लर करा. टोन भावनिक ठेवा. दीड मिनिटाच्या आत.’ त्याने तिन्ही गोष्टी चोख केल्या. ब्लर तर एकाही फ्रेममध्ये सरकला नव्हता. मी एकदा पाहिला, डोळे भरून आले, आणि पाठवून दिला.

दोन तासांत गावातल्या कार्यकर्तीचा फोन आला. “ताई, ही कोण ते इथे सगळ्यांना कळलंय.” मग मी व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. बाविसाव्या सेकंदाला गणवेशाच्या खिशावर शाळेचा बिल्ला. एकतिसाव्या सेकंदाला तिच्या मागे पाण्याची टाकी आणि टाकीवर रंगवलेलं गावाचं नाव. अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला संगीताच्या खाली, अगदी हळू, आत्या तिला घरातल्या नावाने हाक मारते. आम्ही व्हिडिओ लगेच काढला, पण जो व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे गेला होता तो परत आणता आला नाही.

चूक एडिटरची नव्हती. मी ‘चेहरा’ लिहिलं, त्याने चेहरा झाकला. मला म्हणायचं होतं ‘ओळख’. बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 74 नेमकं हेच सांगतं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाच्या प्रकरणाबद्दल सांगताना नाव, पत्ता, शाळा किंवा ज्यावरून ओळख पटेल असा कुठलाही तपशील उघड करायचा नाही. लग्न लावून दिलं जाण्याचा धोका असलेलं अल्पवयीन मूल या व्याख्येत येतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लैंगिक अत्याचाराचं प्रकरण असेल तर पॉक्सो कायद्याचं कलम 23 लागतं, आणि तिथे कुटुंब आणि शेजारपाजारही लपवावा लागतो.

इथे नवे समन्वयक हमखास म्हणतात, “पण आईवडिलांची सही आहे ना आपल्याकडे.” सहीने ही बंदी उठत नाही. कलम 74 खाली परवानगी द्यायची तर ती चौकशी करणारं बाल न्याय मंडळ किंवा समितीच देते, तीही लेखी, आणि मुलाच्या हिताची असेल तरच. त्यातून या प्रकरणात सही करणारे वडील म्हणजे लग्न ठरवणारेच वडील होते. सहीचा कागद हातात आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. मी झाले होते.

आता आमच्या ब्रीफमध्ये निषिद्ध दृश्यांचा भाग सगळ्यात वर आणि सगळ्यात लांब असतो. तो असा:

‘गावातल्या माणसाने हा व्हिडिओ पाहिला तर मुलगी ओळखू येता कामा नये. म्हणून चेहरा, गणवेश, बिल्ला, दप्तरावरचं नाव, घराचं दार, टाकी, मंदिर, ग्रामपंचायतीची पाटी, एसटीवरची गावाची पाटी, गाडीचा नंबर यातलं काही नको. आईवडील, भावंडं, शिक्षिका यांचे चेहरेही नकोत. मूळ आवाज वापरायचा नाही. सबटायटलमध्ये आणि फाइलच्या नावात मुलीचं किंवा गावाचं नाव नको. शंका आली तर शॉट ब्लर करू नका, काढून टाका.’

शेवटचं वाक्य ठळक करा. ब्लर हा मला आता आळसाचा मार्ग वाटतो. 25 फ्रेमच्या व्हिडिओत ट्रॅकिंग पाच फ्रेम चुकलं तर चेहरा सेकंदाचा पाचवा भाग दिसतो, आणि बघणारा तिथेच थांबवून स्क्रीनशॉट काढू शकतो. पाठमोरी मुलगीसुद्धा वेण्यांवरून आणि चालीवरून गावाला कळते. आवाजाचंही तसंच. पीच खाली आणला तर तो पुन्हा वर नेता येतो, आणि बोलण्याची लकब तर तशीच राहते. आम्ही तिचं म्हणणं लिहून घेतो आणि दुसऱ्या, मोठ्या वयाच्या स्वयंसेविकेकडून वाचून घेतो. दृश्यांसाठी चित्रं, रिकामा फळा, दुसऱ्याच तालुक्यातलं शेत. घाबरू नका, याने व्हिडिओ कोरडा होत नाही.

टोनबद्दल ‘भावनिक’ हा शब्द मी पुन्हा कधीच लिहिला नाही. तो वाचून प्रत्येक एडिटर स्लो मोशन आणि बासरी लावतो, त्यात त्याचा काय दोष? आता लिहिते: ‘गोष्टीत मुलगी काय करते ते दिसू दे. तिने बाईंना सांगितलं, ती समितीपुढे बोलली, ती परत शाळेत गेली. “बिचारी”, “वाचवली”, “नशीब” हे शब्द नकोत. रडण्याचा शॉट नको.’ एखादा जुना व्हिडिओ पाठवून ‘असाच कर’ म्हणणारे अनुभवी लोक तुम्हाला भेटतील. त्यांचं ऐकू नका. त्या व्हिडिओतलं नेमकं काय घ्यायचं हे एडिटरला कसं कळणार?

लांबीचं सोपं आहे. कमाल 90 सेकंद, पाटी आणि 1098 चा शेवटचा पडदा धरून. आमच्या निवेदिका सावकाश वाचतात, मिनिटाला साधारण 110 शब्द, म्हणून निवेदन 140 शब्दांत बसवून मगच एडिटरकडे द्यायचं. निवेदन 200 शब्दांचं देऊन ‘दीड मिनिटात बसव’ म्हणणं हा त्याच्या रात्रीच्या झोपेवर अन्याय आहे.

तपासणी तीन वेळा. आधी फक्त कागद: निवेदन आणि शॉटची यादी, कारण इथे बदल फुकट असतो. मग कच्चा कट, आणि तो त्या भागातल्या कार्यकर्तीने बघायचा. पुण्यात बसून मला टाकी म्हणजे टाकी दिसते, तिला गाव दिसतं. ती तो एकदा आवाज बंद करून बघते आणि एकदा डोळे मिटून ऐकते. आत्याची हाक मला तेव्हा अशीच सापडली असती. तिसऱ्यांदा एक्स्पोर्ट झालेली फाइल, थंबनेलसकट, फोनवर. सगळ्यांच्या सूचना एकच व्यक्ती गोळा करते आणि वेळेसकट पाठवते: ‘00:31, मागे पाटी, शॉट काढा.’ चार जणांनी चार मेसेज पाठवले की स्वयंसेवक गळतो, आणि मी असे दोन चांगले एडिटर गमावले आहेत. दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच. तिसरी लागली तर ब्रीफ चुकलंय असं समजा आणि ते स्वतः दुरुस्त करा.

कच्चं फुटेज एडिटरकडे जाण्याआधी ओळख पटवणारे शॉट आम्हीच काढून ठेवतो. फोनने काढलेल्या व्हिडिओत ठिकाणाची नोंदही असू शकते, तीही पुसतो. आणि काम संपल्यावर एडिटरने लॅपटॉप, ड्राइव्ह आणि व्हॉट्सअ‍ॅपमधून फाइली काढल्या का, हे मी मेसेज न करता फोन करून विचारते. मेसेजला ‘हो ताई’ असं उत्तर येतं. फोनवर विचारलं की बरेच जण म्हणतात, थांबा, एक फोल्डर राहिलंय.