हळदीची वाट पाहताना: तीन ऋतू, तीन म्हणी

आपल्या बागकाम क्लबाच्या वार्तापत्रासाठी वाढीच्या आणि वाट पाहण्याच्या म्हणी मागवल्या की ‘पेराल तसे उगवेल’ हमखास येते. म्हण खरी आहे, पण कधी उगवेल आणि तोवर काय करायचं, हे ती सांगत नाही. म्हणून यंदा आपण एकच झाड धरू, हळद. ‘पी हळद नि हो गोरी’ म्हणून उतावळ्यांना आपण चिडवतो, पण कुंडीतली हळद स्वतः सात ते नऊ महिने घेते. तिच्या तीन टप्प्यांसाठी या तीन नव्या म्हणी. छापायला सोप्या आहेत, पाळायला तितक्या नाहीत.

लागवडीच्या वेळी: डोळा पाहून बेणं लावा, कोंब दिसेतो धीर धरा.

ऊन तापून माती उबदार झाली की लागवड करावी. बेणं टणक, चाळीस-पन्नास ग्रॅमचं आणि एक-दोन फुगीर डोळ्यांचं घ्या. मोठा गड्डा कापावा लागला तर काप सावलीत दिवसभर सुकू द्या. पंधरा इंची कुंडीत दोन कंद पुरेत. डोळा वर ठेवून दोन इंच खोल लावा. पाणी एकदा नीट द्या आणि मग हात आखडता घ्या. कोंब यायला तीन-चार आठवडे सहज लागतात, गारव्यात त्याहूनही जास्त. या काळात पानं नसल्यामुळे पाणी ओढणारं कुणी नसतं आणि कोंब कंदातल्या साठ्यावरच वाढत असतो. काही दिसत नाही म्हणून रोज झारी उपडी केली तर मातीतली हवा जाते आणि कंद सडतो. सहा आठवडे उलटूनही शंका असेल तर बाजूने बोट घालून कंद दाबून पाहा. टणक लागला तर जिवंत आहे, माती परत लोटून द्या. बोटाला मऊ लागून घाण वास आला तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

भर वाढीत: वर पानं मोजू नका, खाली माती उकरू नका.

पहिले तीन महिने सगळा जोर पानांवर आणि फुटव्यांवर असतो. कुंडी हिरवीगार दिसते आणि आपल्याला वाटतं, खाली हळकुंडं भरली असणार. प्रत्यक्षात कंद फुगायला लागतो तो चौथ्या-पाचव्या महिन्यापासून. नेमकं तेव्हाच ‘बघू तरी’ म्हणून खुरपं घालणारे क्लबात कमी नाहीत. त्याने कोवळी हळकुंडं आणि मुळं तुटतात आणि त्या जखमांतून कूज शिरते. हात शिवशिवत असतील तर भर घाला. कंद उघडा पडला असेल तर त्यावर दोन-तीन बोटं माती आणि कुजलेलं शेणखत चढवा. नत्राचं खत मात्र चौथ्या महिन्यानंतर थांबवा, नाहीतर पानं माजतात आणि कंद पक्व व्हायला उशीर होतो.

काढणीच्या तोंडावर: पान वाळलं तर हळद आली, बूड कुजलं तर हळद गेली.

तिन्हींत सगळ्यात कामाची म्हण हीच, कारण पिवळं पान दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकतं. एक उदाहरण घेऊ. लागवडीला पाच महिने झाले आहेत आणि खालची पानं कडेपासून पिवळी पडत आहेत. दांड्याचं बूड चिमटीत धरा. ते पाणीदार, मऊ लागलं आणि हलक्या ओढीने दांडा हातात आला, तर ती कंदकूज आहे. पाणी लगेच बंद करा, तो कंद भोवतालच्या मातीसकट काढून टाका आणि कुंडीच्या तळाचं भोक बुजलेलं नाही ना, ते पाहा. उरलेला कंद टणक असेल तर तो कोरड्या, नव्या मातीत हलवा. तीच कुंडी आठव्या महिन्यात असेल, सगळीच पानं वाळत असतील आणि बूड कोरडं, घट्ट असेल, तर ती पक्वता आहे. इथे औषध शोधत बसू नका आणि कीव येऊन पाणीही घालू नका.

काढणीआधी पंधराएक दिवस पाणी तोडा, दांडे पूर्ण वाळले की जमिनीलगत कापा आणि चार-पाच दिवसांनी कुंडी उलटी करा. घाई केलेल्या हळकुंडाची साल नखाने सहज सुटते आणि वाळवल्यावर ते जास्तच सुरकुततं. पक्व हळकुंड मोडलं की आत गडद नारिंगी दिसतं.

मधले जाड गड्डे खाण्यासाठी काढू नका, पुढच्या लागवडीला तेच सरस. माती झटकून, न धुता, सावलीत हवेशीर ठेवा. डोळे पुन्हा फुगले की लावायला हरकत नाही.