एल्बो आणि व्हॉल्व्हची समतुल्य लांबी काढताना व्यास कुणाचा घ्यायचा?

‘फिटिंगसाठी सरळ लांबीत दहा टक्के मिळवा आणि पुढे चला’ हा सल्ला लांबच लांब, सरळ वाहिनीला एक वेळ खपून जाईल. आखूड, वळणावळणाच्या लाइनला तो लावलात तर हिशेब निम्म्यावर येतो. खालच्या उदाहरणात फिटिंगमधली हानी सरळ पाइपमधल्या हानीइतकीच निघते.

कल्पना सोपी आहे. एल्बो किंवा व्हॉल्व्हमध्ये जेवढं हेड वाया जातं, तेवढंच वाया घालवायला त्याच पाइपचा किती लांबीचा सरळ तुकडा लागेल, ती त्या फिटिंगची समतुल्य लांबी. तक्त्यात ही लांबी व्यासाच्या पटीत दिलेली असते. पूर्ण उघडा गेट व्हॉल्व्ह ८, साधा ९० अंशांचा एल्बो ३० आणि पूर्ण उघडा ग्लोब व्हॉल्व्ह ३४०. तक्त्यातक्त्यात आकडे थोडे इकडेतिकडे होतात, म्हणून एका हिशेबाला एकच तक्ता वापरा.

आता एक लाइन घेऊ. स्टीलचा पाइप, आतला व्यास ५२.५ मिमी, सरळ लांबी २४ मीटर, चार एल्बो, एक गेट आणि एक ग्लोब व्हॉल्व्ह. पाणी सेकंदाला ३ लिटर, म्हणजे वेग साधारण १.३९ मीटर प्रति सेकंद.

फिटिंग मोजा आणि पटी जोडा: १२० + ८ + ३४० = ४६८.

आतल्या व्यासाने गुणा: ४६८ × ०.०५२५ = २४.६ मीटर. सरळ लांबी मिळवून ४८.६ मीटर.

मग नेहमीचं सूत्र:

```
h = f × (L + Le)/D × V²/(2g)
```

इथे f सुमारे ०.०२२६, म्हणून h जवळपास २.०५ मीटर. हा f डार्सीचा आहे. फॅनिंगचा f याच्या एक चतुर्थांश असतो. तो या सूत्रात घातलात तर उत्तरही चौथ्या हिश्श्यावर येईल.

इथवर कुणी अडखळत नाही. खरी गोची होते ती लाइनमधला एखादा व्हॉल्व्ह पाइपपेक्षा लहान असतो तेव्हा. मलाही हे पचायला वेळ लागला, म्हणून इथे जरा थांबतो.

समजा, तोच ग्लोब व्हॉल्व्ह रिड्यूसर लावून एक माप लहान बसवलाय आणि त्याच्या मापाच्या पाइपचा आतला व्यास ४०.९ मिमी आहे. सरळ गुणाकार केला तर ३४० × ०.०४०९ = १३.९ मीटर. मोठ्या व्हॉल्व्हची समतुल्य लांबी १७.९ मीटर होती. म्हणजे व्हॉल्व्ह लहान केला आणि हानी कमी झाली! असं उत्तर आलं की पेन खाली ठेवा.

गणित चुकलेलं नाही, पण ते १३.९ मीटर ४०.९ मिमीच्या पाइपचे आहेत. ५२.५ मिमीच्या मीटरांत ते तसेच मिळवता येत नाहीत. प्रवाह तोच असेल आणि f फारसा बदलत नसेल, तर ठरावीक लांबीतली हानी व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्यामुळे मोठ्या पाइपच्या भाषेत आणायला (५२.५ ÷ ४०.९) चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ३.४८ ने गुणावं लागतं. १३.९ चे होतात ४८.५ मीटर. एकट्या व्हॉल्व्हची लांबी सरळ पाइपच्या दुपटीवर गेली. एकूण ७९.२ मीटर, हानी ३.३ मीटर, आणि त्यात रिड्यूसर अजून धरलेलेच नाहीत. रूपांतर विसरलात तर कागदावर १.९ मीटरच दिसतील.

म्हणून माझा आग्रह असा: प्रत्येक समतुल्य लांबीपुढे ती कोणत्या व्यासाची आहे ते लिहा, आणि दोन व्यासांचे मीटर एका बेरजेत घेऊ नका. रूपांतराचा कंटाळा येत असेल तर प्रत्येक व्यासाची हानी आपापल्या वेगाने वेगळी काढा आणि शेवटी हेड जोडा. मला हीच पद्धत जास्त आवडते, कारण तिच्यात लपायला जागा नाही.

तपासायचं असेल तर व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना, ५२.५ मिमीच्या पाइपवरच आणि एकाच उंचीवर प्रेशर गेज लावा. दोन्हीकडे वेग सारखा असल्याने वाचनांतला फरक म्हणजे हानीच. आपल्या लहान व्हॉल्व्हवर तो सुमारे ०.२ बार दिसायला हवा. बराच जास्त दिसला तर आधी व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का ते बघा. तक्त्यातला ३४० अर्धवट उघड्या व्हॉल्व्हला लागू होत नाही.