टेपरमध्ये या चुका टाळा: ‘वीस, चाळीस, सत्तर टक्के कमी’, पण कशाच्या?

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी तीस-बत्तीस किलोमीटरचा शेवटचा लाँग रन उरकला की बरोबर तीन आठवडे हातात राहतात. टेपर म्हणतात तो हाच काळ. आठवड्याचं अंतर पायरी पायरीने कमी करायचं, म्हणजे साचलेला थकवा उतरतो आणि कमावलेला दम मात्र टिकून राहतो.

टक्केवारी साधी आहे. पहिल्या आठवड्यात २० टक्के कमी, दुसऱ्यात ४० आणि शर्यतीच्या आठवड्यात ७०. पहिल्या फुल मॅरेथॉनच्या वेळी हे तीन आकडे मी फ्रिजवर चिकटवले होते आणि तरीही गणित चुकवलं. माझा आठवडा होता ६० किलोमीटरचा. वीस टक्के वजा केले, ४८ आले. पुढच्या आठवड्यात त्या ४८ मधून चाळीस टक्के काढले, २९ उरले. त्या २९ मधून सत्तर टक्के गेले आणि शर्यतीच्या आठवड्याला जेमतेम ९ किलोमीटर आले. ‘वा, मस्त आराम’ म्हणून मी चार दिवस बूट बाहेरच काढले नाहीत. शर्यतीच्या पहाटे पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या होत्या, पहिले दहा किलोमीटर अंग मोकळंच होईना. परतीच्या पेडर रोडच्या चढावर जे हाल झाले त्याचा सगळा दोष टेपरवर ढकलणार नाही, पण सुरुवात तिथूनच बिघडली होती.

तिन्ही टक्के एकाच आकड्यातून काढायचे असतात. त्याला पाया म्हणू. मागच्या आठवड्याच्या अंतराशी या टक्क्यांचा काही संबंध नाही.

पाया कुठला धरायचा?

इथे दुसरी गफलत होते. ‘तुझं किती चालू आहे?’ असं विचारलं की जो तो आपला सगळ्यात मोठा आठवडा सांगतो. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांचं सरासरी अंतर ४५ किलोमीटर होतं. सुट्टीच्या एका आठवड्यात त्यांनी ६८ मारले आणि टेपरसाठी तेच धरले. ६८ चे ऐंशी टक्के म्हणजे ५४. त्यांच्या ‘कमी केलेल्या’ आठवड्यात ते नेहमीपेक्षा नऊ किलोमीटर जास्त धावले!

त्यामुळे टेपरच्या लगेच आधीचे चार आठवडे घ्या आणि सरासरी काढा. समजा अंतरं अशी आहेत: ५६, ६२, ५४, ६८. बेरीज २४०, भागिले चार, पाया ६०. मधला एखादा आठवडा तापात किंवा लग्नघरात गेला असेल तर तो वगळून त्याच्या आधीचा धरा. पण दोन आठवडे गेले असतील तर वगळू नका. मग तुमचा पाया खरंच खाली आलेला असतो आणि तो मान्य केलेला बरा.

आता ६० वरून हिशेब:

| आठवडा | कमी | उरलेलं अंतर |
|---|---|---|
| पहिला | २०% | ४८ किमी |
| दुसरा | ४०% | ३६ किमी |
| शर्यतीचा | ७०% | १८ किमी, शर्यत सोडून |

‘शर्यत सोडून’ हे दोन शब्द विसरू नका. ४२ किलोमीटर त्यात धरले तर आकडा परत पायाइतकाच होतो, आणि मग घाबरून माणूस आठवडाभर घरीच बसतो. तिसऱ्या आठवड्यातली एकदम मोठी उडी बघून दचकायचंही कारण नाही. त्या रविवारी लाँग रनच्या जागी शर्यत असते, म्हणून आकडा इतका खाली दिसतो.

हे टक्के हवेतले नाहीत. २००७ मध्ये २७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात सर्वात चांगला परिणाम साधारण दोन आठवड्यांच्या टेपरमध्ये दिसला. एकूण अंतर ४१ ते ६० टक्के कमी केलेलं होतं, पण वेग आणि आठवड्यातले दिवस तेच ठेवले होते. आपल्या शेवटच्या दोन आठवड्यांत एरवी १२० किलोमीटर झाले असते, तिथे ५४ होतात. म्हणजे ५५ टक्के कपात, त्या मर्यादेच्या आत.

दिवस कापू नका, प्रत्येक दिवस आखूड करा

अंतर कमी करायचं म्हटलं की बहुतेकजण बुधवार आणि शनिवारवर फुली मारतात आणि उरलेले दिवस पूर्वीसारखेच धावतात. बेरीज जुळते, पण टेपर जमत नाही. पाच दिवस धावायची सवय लागलेल्या शरीराला तीन दिवस दिले की ते आखडतं, झोपेचं आणि भुकेचं घड्याळही हलतं. सकाळी साडेपाचला उठणारा माणूस सातपर्यंत लोळतो आणि रात्री बारापर्यंत छताकडे बघत बसतो.

सोमवार आणि शुक्रवार सुट्टी असेल तर ६० च्या पायावर वाटणी अशी बसते. पहिल्या आठवड्यात मंगळवारी ९, बुधवारी ६, गुरुवारी ७, शनिवारी ६ आणि रविवारी २०, एकूण ४८. दुसऱ्यात याच क्रमाने ८, ५, ६, ४ आणि रविवारी १३, एकूण ३६. शर्यतीच्या आठवड्यात मंगळवारी ७, बुधवारी ४, गुरुवारी ४, शनिवारी ३, एकूण १८. सगळ्यात मोठा काप रविवारला बसला आहे, ३२ वरून २० आणि मग १३. बाकीचे दिवस थोडे थोडे आखडले आहेत. एखाददुसरा किलोमीटर इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही. १८ चे १९ झाले म्हणून रात्री जागू नका.

अंतरासोबत वेगही कापणे

‘आता आरामात’ म्हणत तीनही आठवडे गप्पा मारत धावणं, ही चूक करताना ती चूक वाटतच नाही, म्हणून ती जास्त होते. शर्यतीचा वेग पायांना आठवत राहायला हवा.

समजा तुम्हाला सव्वाचार तासांच्या आत यायचं आहे. किलोमीटरला ६ मिनिटांचा पेस धरला तर ४२.१९५ किलोमीटरला ४ तास १३ मिनिटं होतात. एरवी मंगळवारच्या १० किलोमीटरमधले ६ तुम्ही या पेसने धावत असाल, तर पहिल्या आठवड्यात ९ पैकी ५, दुसऱ्यात ८ पैकी ४ आणि शेवटच्या मंगळवारी ७ पैकी ३ त्याच पेसने धावा. पेस तोच, तुकडा लहान. आणखी एक खबरदारी घ्या. या दिवसांत पाय ताजे होत असल्याने ६ चा पेस फार हलका वाटतो आणि घड्याळ ५:३५ दाखवतं. तिथे हात आखडा. ही उसळी मंगळवारी उधळायची नाही, रविवारी लागणार आहे.

मोकळा वेळ भरून काढणे

दुसऱ्या आठवड्यात रोज अर्धा-पाऊण तास मोकळा मिळतो आणि माणूस अस्वस्थ होतो. मग कोणी जिममध्ये जाऊन स्क्वॉट्स मारतो, कोणी बऱ्याच महिन्यांनी क्रिकेट खेळतो. पुण्याकडची मंडळी ‘फक्त चालतच तर जायचंय’ म्हणत सिंहगड गाठतात. गड चढताना दम लागतो तो तासाभरात जातो. खरा फटका उतरताना बसतो. मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच वजन तोलत असतात, त्यात बारीक इजा होते, आणि ते ठणकणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असतं. शर्यतीआधीच्या दहा दिवसांत गड नको.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे बुडलेला लाँग रन आता भरून काढणं. शर्यतीला बारा दिवस उरलेले असताना २८ किलोमीटर धावून वाढलेला दम शर्यतीपर्यंत हाती येत नाही, थकवा मात्र लगेच येतो. जो बुडाला तो बुडाला.

बिब आणायला बीकेसीत जाणंही या हिशेबात धरा. रांग, स्टॉल, फोटो, परतीची लोकल यात तीन तास उभ्याने सहज जातात. जमलं तर शनिवार टाळून गुरुवारी जाऊन या.

‘मला काहीतरी झालंय’

टेपरमध्ये तीन तक्रारी हमखास येतात. पाय जड वाटतात, कुठेतरी दुखतं आणि वजन वाढतं.

जडपणा बहुतेक वेळा दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो आणि दोन-चार दिवसांत जातो. धावणं थांबवू नका, तेवढं आखूड ठेवा. इझी रनच्या शेवटी वीस सेकंदांच्या चार हलक्या धावा जोडल्या तर बरंच मोकळं वाटतं.

दुखण्यात फरक ओळखायला शिका. आज गुडघा, उद्या टाच, परवा नितंब असं फिरणारं, धावायला लागल्यावर विरून जाणारं दुखणं हे बहुतेक वेळा रिकाम्या डोक्याचं काम असतं. तेच ते बोटाने दाखवता येईल असं ठिकाण, धावताना वाढणारी कळ, लंगडणं, सकाळी पहिल्या पावलाला होणारी वेदना, यातलं काही असेल तर दोन दिवस धावणं बंद ठेवा. तरीही राहिलं तर फिजिओकडे जा. इथे टक्केवारी बाजूला ठेवायची.

वजनाचं म्हणाल तर संक्रांत शर्यतीच्या आठवड्यात किंवा त्याला लागूनच येते, आणि गुळाच्या पोळीला नाही म्हणणारा धावपटू मी अजून पाहिलेला नाही. पण काट्यावर वाढलेला किलोभर सगळा चरबीचा नसतो. कमी धावल्यामुळे स्नायूंमध्ये ग्लायकोजेन साठतं आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलं जातं. हा साठा शर्यतीत लागणारच आहे. काटा बघून जेवण तोडलंत तर नेमका तोच रिकामा राहील.

घड्याळही घाबरवतं. स्क्रीनवर `Detraining` झळकतं, अॅपमधला `Fitness` चा आलेख खाली घसरतो. तो आलेख गेल्या काही आठवड्यांच्या भाराची सरासरी दाखवतो. भार मुद्दाम कमी केला की तो उतरणारच, पाय किती ताजे झाले हे त्यात कुठेच येत नाही. मी शेवटचे दहा दिवस ते पान उघडत नाही.

हा हिशेब कोणाला लागू नाही

आठवड्याला २५-३० किलोमीटरच धावणाऱ्याला तीन आठवडे टेपर करण्याइतका थकवा साचलेलाच नसतो. त्याने दोनच आठवडे धरावेत. आधी पायाच्या ७५ टक्के, मग शर्यत सोडून ४० टक्के. पाया २८ असेल तर २१ आणि ११. हाफ मॅरेथॉनला दहा ते चौदा दिवस पुरतात.

आणि हे वाचताना शर्यतीला दोनच आठवडे उरले असतील, मागचा आठवडा पूर्ण अंतराचा झाला असेल, तर पहिली पायरी गेली असं समजा. ४८ चा आठवडा आता मध्ये घुसवू नका. थेट ३६ वर या आणि या रविवारी १३ किलोमीटर धावा.