बंद झालेल्या महिन्याचा आकडा का बदलला? तीन तारखांवरून शोध कसा घ्यायचा

जूनच्या ४ तारखेला मे महिन्याचा नफा-तोटा काढून वरिष्ठांना दिला. नफा ६,४०,०००. २२ जूनला कुणीतरी तोच अहवाल, त्याच महिन्यासाठी, पुन्हा काढला. नफा ५,७८,०००. हिशेब विभागात काम करणाऱ्या माणसाला यापेक्षा अवघड प्रश्न क्वचितच पडतो, कारण दोन्ही अहवाल सिस्टीममधूनच आलेले असतात आणि दोन्ही आपापल्या वेळी बरोबर असतात. मधल्या अठरा दिवसांत मे महिन्यात काहीतरी शिरलं. ते ६२,००० कुठून आले हे शोधायचं आणि मग दुरुस्त करायचं. खालचं उदाहरण रचलेलं आहे, पण यातली प्रत्येक चूक मी प्रत्यक्षात पाहिलेली आहे.

आधी तारखा वेगळ्या करा

सॅप, ओडू, ईआरपीनेक्स्टसारख्या ईआरपी सिस्टीममधल्या प्रत्येक नोंदीला निदान तीन तारखा असतात. डॉक्युमेंट डेट म्हणजे बिलावर छापलेली तारीख. ती पुरवठादाराने ठरवलेली असते. पोस्टिंग डेट म्हणजे ती रक्कम कोणत्या दिवसाच्या, आणि म्हणून कोणत्या पिरियडच्या, हिशेबात धरायची ती तारीख; ती आपण ठरवतो. एंट्री डेट म्हणजे नोंद प्रत्यक्ष कधी केली ती तारीख. ती सर्व्हरच्या घड्याळावरून आपोआप पडते आणि वापरणाऱ्याला बदलता येत नाही.

सॅपमध्ये ही तिन्ही फील्ड `BKPF` या टेबलात आहेत: `BLDAT`, `BUDAT` आणि `CPUDT`. वेळ `CPUTM` मध्ये आणि नोंद करणाऱ्याचं नाव `USNAM` मध्ये असतं. ओडूमध्ये `invoice_date`, `date` आणि `create_date` अशी नावं आहेत. ईआरपीनेक्स्टमध्ये खरेदी बिलावर `bill_date` आणि `posting_date` असतात, तर नोंद कधी झाली ते `creation` मध्ये दिसतं.

सगळा घोळ एका गोष्टीतून होतो. महिन्याचा अहवाल फक्त पोस्टिंग डेट बघतो. नोंद कधी झाली याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. म्हणून १५ जूनला केलेल्या नोंदीला २१ मे ही पोस्टिंग डेट दिली, तर ती पहिल्यापासून मेमध्येच असल्यासारखी जाऊन बसते, आणि अहवालावर तिच्या उशिरा येण्याची कुठलीही खूण उरत नाही. ती खूण फक्त एंट्री डेटमध्ये असते.

घुसलेल्या नोंदी शोधा

शोधायचं सूत्र सोपं आहे: पोस्टिंग डेट मे महिन्यातली, पण एंट्री डेट अहवाल दिल्यानंतरची.

```sql
SELECT BELNR, BLDAT, BUDAT, CPUDT, USNAM
FROM BKPF
WHERE BUKRS = '1000'
  AND BUDAT BETWEEN '20250501' AND '20250531'
  AND CPUDT > '20250604'
```

क्वेरी लिहायची परवानगी नसेल तर `SE16N` मध्ये याच अटी घालता येतात. `BKPF` मध्ये रकमा नसतात, म्हणून मिळालेले दस्तऐवज क्रमांक घेऊन `FBL3N` मध्ये त्यांच्या ओळी बघा, किंवा एकेक दस्तऐवज `FB03` मध्ये उघडा.

इथे एक चूक हमखास होते. लोक सीमारेषा ३१ मे धरतात आणि १ जूननंतर टाकलेली प्रत्येक नोंद संशयित ठरवतात. मग घसारा, तरतुदी, पगाराच्या शेवटच्या नोंदी, म्हणजे महिना बंद करताना केलेलं सगळं रास्त काम यादीत येतं आणि यादी निरुपयोगी होते. १ ते ४ जूनदरम्यान मेच्या नोंदी करणं हेच तर महिना बंद करण्याचं काम. सीमारेषा महिन्याच्या शेवटाची नव्हे, अहवाल काढला त्या क्षणाची धरा. अहवाल ४ जूनला दुपारी काढला असेल तर त्या दिवशी संध्याकाळी झालेल्या नोंदींसाठी `CPUTM` ही बघावं लागतं, कारण वरच्या अटीत ४ तारीख पूर्ण वगळली गेली आहे.

ओडू किंवा ईआरपीनेक्स्टमध्ये आणखी एक सावधगिरी हवी. तिथे बिल आधी मसुदा म्हणून साठवता येतं आणि नंतर पक्कं करता येतं. बिलाची तयार झाल्याची तारीख मसुद्याची असते, म्हणजे २८ मेला साठवून १२ जूनला पक्कं केलेलं बिल या चाळणीतून निसटेल. ईआरपीनेक्स्टमध्ये त्यासाठी बिलाऐवजी `GL Entry` ची `creation` बघा; ती ओळ बिल पक्कं झाल्यावरच तयार होते.

आपल्या उदाहरणात तीन नोंदी सापडल्या. वाहतुकीचं ४८,००० चं बिल: बिलाची तारीख २९ मे, पोस्टिंग ३१ मे, एंट्री १२ जून. दुरुस्तीचं २६,००० चं बिल: बिलाची आणि पोस्टिंगची तारीख २१ मे, एंट्री १५ जून. आणि १२,००० ची एक उलट नोंद: पोस्टिंग २० मे, एंट्री ९ जून. ४८,००० आणि २६,००० ने नफा घटला, १२,००० ने वाढला. निव्वळ फरक ६२,०००. आकडा जुळला, म्हणजे आणखी काही लपलेलं नाही. जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

खात्री करायचा आणखी एक मार्ग मला फार आवडतो. मेचा अहवाल `CPUDT` ४ जूनपर्यंत अशी अट घालून पुन्हा काढा. जुना ६,४०,००० चा आकडा जसाच्या तसा परत उभा राहतो. सॅपमध्ये हे जमतं, कारण पोस्ट झालेली नोंद पुसली जात नाही. चूक उलट नोंदीनेच रद्द होते. जिथे पक्की नोंद पुन्हा मसुद्यात नेऊन तिची रक्कम बदलता येते, तिथे या पद्धतीवर विसंबू नका.

प्रत्येक नोंद मागच्या तारखेत का गेली ते विचारा

वाहतुकीचं बिल सगळ्यात बोलकं आहे. ते टाकणाऱ्याचं म्हणणं वरवर योग्यच वाटतं: माल मेमध्ये हलला, बिल मेचं आहे, मग खर्च मेमध्येच जायला हवा. पण हे बिल येणार हे माहीत असल्यामुळे हिशेबनीसाने ३१ मेला वाहतुकीची ५०,००० ची तरतूद आधीच केली होती आणि ती १ जूनला उलट केली होती. आता बिलही मेमध्ये गेल्यामुळे मेवर एकाच कामाचा खर्च ९८,००० पडला, आणि जूनमध्ये वाहतूक खर्च उणे ५०,००० दिसू लागला. खर्चाच्या खात्यात पुढच्या महिन्यात उणे आकडा दिसला की पहिला संशय हाच घ्या: तरतूद उलटली, पण बिल तिच्या मागोमाग आलं नाही, ते मागच्या महिन्यात गेलं.

बरोबर पद्धत अशी. डॉक्युमेंट डेट २९ मे, जशी बिलावर आहे तशी. पोस्टिंग डेट १२ जून. मग जूनमध्ये उणे ५०,००० आणि अधिक ४८,००० मिळून उणे २,००० उरतात, म्हणजे अंदाज जेवढा चुकला तेवढाच फरक.

पोस्टिंग डेट पुढची दिली तर पैसे देण्याची मुदतही पुढे जाईल, ही भीती मी पुष्कळदा ऐकली आहे. मागच्या तारखेत टाकण्याचं ते एक मोठं कारण असतं. मुदत बेसलाइन डेटवरून मोजली जाते, आणि ती डॉक्युमेंट डेटवरून घ्यायची, पोस्टिंग डेटवरून की एंट्री डेटवरून, हे सॅपमध्ये पेमेंट टर्ममध्येच ठरवता येतं. तिथे डॉक्युमेंट डेट लावलेली असेल तर बिल जूनमध्ये टाकलं तरी मुदत २९ मेपासूनच धरली जाते. आपल्याकडे काय लावलं आहे ते एकदा बघून घ्या आणि बिलं टाकणाऱ्यांना सांगा.

उलट नोंदीची गोष्ट निराळी आहे. तिथे कुणी मुद्दाम मागची तारीख घातलेली नव्हती. चुकीच्या खात्यात गेलेला खर्च `FB08` ने उलटवताना पोस्टिंग डेटची जागा रिकामी सोडली होती. जागा रिकामी असली आणि पिरियड उघडा असला तर सिस्टीम मूळ दस्तऐवजाचीच पोस्टिंग डेट घेते. त्यामुळे उलट नोंद २० मेला गेली आणि बरोबर खात्यातली नवी नोंद ९ जूनला. खर्च एका महिन्यातून निघून दुसऱ्यात गेला, आणि दोन्ही महिने बिघडले. उलट नोंद आणि तिच्या बदल्यात केलेली नवी नोंद एकाच पिरियडमध्ये पडल्या पाहिजेत.

दुरुस्ती

दिलेल्या अहवालाशी मे पुन्हा जुळवायचा असेल तर पिरियड थोड्या वेळासाठी, एकाच व्यक्तीला उघडून द्या. वाहतुकीचं बिल ३१ मे याच पोस्टिंग डेटने उलटवा आणि जूनच्या पोस्टिंग डेटने पुन्हा टाका. उलटवताना चुकून जूनची तारीख घातली तर मेमधला बोजा तसाच राहील. १२,००० ची मूळ नोंद २० मेने पुन्हा उभी करा आणि ती जूनच्या तारखेने उलटवा.

दुरुस्तीच्या २६,००० च्या बिलाबद्दल मात्र निर्णय घ्यावा लागतो. तो खर्च खरोखर मेचा आहे आणि त्याची तरतूद झालेली नव्हती. नफ्याच्या सुमारे ४ टक्के रकमेसाठी मी दिलेला अहवाल मागे घेणार नाही; बिल जूनमध्ये नेईन आणि जूनच्या अहवालात तशी टीप देईन. तिमाहीची बेरीज त्याने बदलत नाही. पण हाच महिना आर्थिक वर्षाचा शेवटचा असता तर माझं उत्तर वेगळं असतं: खर्च त्या वर्षातच धरायचा आणि अहवाल सुधारून पुन्हा द्यायचा.

साठ्याच्या नोंदींमध्ये ही दुरुस्ती एका महिन्यापुरती राहीलच असं नाही. ईआरपीनेक्स्टसारख्या प्रणालीत मागच्या तारखेची आवक टाकली की त्यानंतरच्या त्या वस्तूच्या सगळ्या जावकींचं मूल्य नव्याने मोजलं जातं. म्हणून तिथे दुरुस्तीनंतर मधल्या प्रत्येक महिन्याचा विकलेल्या मालाचा खर्च पुन्हा तपासा.

दार कधी आणि कोणासाठी लावायचं

सॅपमध्ये पिरियड `OB52` मध्ये खातेप्रकारानुसार उघडतात आणि बंद होतात. सगळे प्रकार एकाच दिवशी बंद करू नका. १ जूनला पुरवठादार `K` आणि ग्राहक `D` यांच्यासाठी मे बंद करा, म्हणजे बिलं मागे जाणारच नाहीत. जनरल लेजरचा प्रकार `S` तरतुदींसाठी ४ जूनपर्यंत उघडा ठेवा, आणि `+` या ओळीत मे पहिल्या मुदतीच्या रकान्यांत घालून तिथे ऑथोरायझेशन ग्रुप लावा, म्हणजे फक्त हिशेबनीसालाच तिथे नोंद करता येईल. `+` ही ओळ सगळ्या प्रकारांना लागू असते. ती मेसाठी बंद केली तर `S` उघडा असूनही कुणालाच नोंद करता येत नाही.

ईआरपीनेक्स्टमध्ये खाती कोणत्या तारखेपर्यंत गोठवायची ते ठरवून देता येतं, आणि ओडूत लॉक डेट असते. तारीख ३१ मे घाला, आणि ती अहवाल पाठवण्याच्या आधी घाला. पाठवल्यानंतर घातली तर मधल्या तासाभरात एखादं बिल आत जाऊ शकतं, आणि पाठवलेला आकडा सिस्टीममधल्या आकड्याशी पहिल्याच दिवशी जुळेनासा होतो.